काचेतून दिसणारी जुनी भिंत

वाइनच्या ग्लासचा फोटो फोटोशॉपमध्ये उघडायचा, कडेने पेन टूल फिरवून ग्लास बारकाईने कापायचा आणि समुद्राच्या फोटोवर ठेवायचा. कड अचूक आली तरी ग्लास खोटा दिसतो, कारण काचेच्या आत अजून स्टुडिओतली करडी भिंतच असते. मग बरेच जण लेयरची ओपॅसिटी साठ टक्क्यांवर आणतात. त्याने समुद्र दिसू लागतो, पण काचेवरची चमक मळते आणि काठाची काळी रेघ फिकी पडते. अख्खा ग्लास धुक्यातला वाटतो.

ग्लासच्या फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यात दोन प्रकारचा उजेड मिसळलेला असतो. एक काचेवरून परावर्तित झालेला, म्हणजे तिची स्वतःची चमक. दुसरा मागून काचेतून आरपार आलेला. हलवताना पहिला जसाच्या तसा न्यायचा असतो आणि दुसऱ्याच्या जागी नव्या पार्श्वभूमीचा उजेड आणायचा असतो. एकाच फोटोवरून ही फोड निश्चित करता येत नाही, कारण आकडा एक आणि अज्ञात दोन. ऑल्व्ही रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांनी 1996 मध्ये हेच गणित मांडलं आणि त्यावरचा उपायही दाखवला: तीच वस्तू दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर टिपायची.

घरी हे करायला कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का हवा. ग्लासमागे आधी पांढरा कार्डबोर्ड लावून फोटो घ्यायचा, मग तिथेच काळं मखमली कापड लावून दुसरा. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअलवर ठेवायचे, आणि मधल्या वेळात ग्लासला बोटही लावायचं नाही. पांढरा कार्डबोर्ड फोटोत 255 ला जाऊन भिडला तर हिशेब चुकतो. तो 240 च्या आसपास ठेवावा.

आता आकडे पाहू. ग्लासच्या मधोमध एक ठिपका पांढऱ्यावर 220 आणि काळ्यावर 10 भरला. काळ्या कापडाकडून काहीच उजेड येत नाही, म्हणून 10 ही काचेची स्वतःची चमक. फरक 210, म्हणजे मागच्या 240 पैकी सुमारे 87 टक्के उजेड आरपार आला. काठावर काच नजरेशी तिरपी येते. तिथे 60 आणि 12 मिळाले तर आरपार फक्त 20 टक्के. दिव्याच्या झळाळीवर दोन्हीकडे 255 येतं, फरक शून्य. मागे 100 उजेडाचा समुद्र ठेवला की मध्यभागी 97 च्या आसपास, काठावर 32 आणि झळाळीवर 255 मिळतं. काठ गडदच राहतो, झळाळी पांढरीच राहते.

फोटोशॉपमध्ये यासाठी तीन लेयर पुरतात. पांढरा फोटो काळ्यावर Difference मोडमध्ये ठेवून दोन्ही एकत्र करायचे, आणि Levels वापरून त्यातली मोकळी जागा शुभ्र पांढरी करायची. हा लेयर समुद्रावर Multiply मोडमध्ये जातो. त्याच्यावर काळा फोटो Linear Dodge (Add) मोडमध्ये. मास्क कुठेच काढावा लागत नाही.

ही पद्धत मला आवडते ती रंगीत द्रवासाठी, कारण हिशेब लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलमध्ये वेगवेगळा होतो. रेड वाइन लाल उजेड बऱ्यापैकी सोडते, हिरवा-निळा जवळजवळ अडवते. त्यामुळे क्रीम रंगाच्या भिंतीपुढे ती माणकासारखी लाल दिसते आणि निळ्या समुद्रापुढे जवळपास काळी. ते बघून रंग बिघडला असं समजून तो वाढवू नका. खरी वाइनही तिथे तशीच दिसली असती.

काम जमलं का, हे तपासायला समुद्राच्या जागी आधी निव्वळ काळा लेयर ठेवा, मग निव्वळ पांढरा. पहिल्या वेळी काळा फोटो जसाच्या तसा परत यायला हवा, दुसऱ्या वेळी पांढरा, फार तर किंचित उजळ. काठाशी दुहेरी रेघ दिसली तर दोन फोटोंच्या मधे ग्लास किंवा कॅमेरा हलला आहे. दुसरा दोष या तपासणीत सापडत नाही. फार रुंद पांढरा कार्डबोर्ड बाजूंनीही काचेवर उजेड टाकतो, आणि हिशेबात तो आरपार आलेला धरला जातो. कार्डबोर्ड ग्लासपासून दूर आणि चौकटीपुरताच ठेवला की हे बरंच टळतं.

एक मर्यादा मात्र उरते. किती उजेड आरपार आला हे दोन फोटो सांगतात, तो कुठून वळून आला हे सांगत नाहीत. रिकाम्या, पातळ ग्लासात फारसं बिघडत नाही. पाणी किंवा व्हाइट वाइन भरली की ग्लासचा फुगीर भाग भिंगासारखा वागतो आणि त्यातून दूरचा समुद्र उलटा दिसायला हवा: आकाश खाली, पाणी वर. 1999 मध्ये संशोधकांनी ग्लासमागे पट्ट्यांचे अनेक नमुने एकामागून एक दाखवून हे वळणही मोजलं. घरी मात्र समुद्राची एक प्रत 180 अंशांत फिरवून, लहान करून, द्रव आहे तेवढ्याच भागात मूळ समुद्राच्या वर आणि Multiply लेयरच्या खाली ठेवावी, आणि Warp वापरून तिच्या कडा ग्लासच्या गोलाईप्रमाणे वळवाव्यात.