सकाळी द्या, सहाच्या आत न्या

दुकान काढायचं ठरलं की आधी पाटी डोळ्यांपुढे येते. नाव काय ठेवायचं, रंग कोणता, सायकलचं चित्र काढायचं की नुसतं चाक? जाहिरातीच्या धंद्यात मुरलेला माणूस मात्र त्याआधी एक-दोन पानांचा कागद मागतो. या कागदाला ब्रँड ब्रीफ म्हणतात. दुकान कुणासाठी आहे, त्या माणसाची कोणती अडचण सोडवणार, त्याला काय शब्द देणार आणि तो पाळणार कसा, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. पाटी रंगवणारा, वेबसाइट करणारा आणि काउंटरवर बसणारा या तिघांच्याही मनात एकच दुकान उभं राहावं, यासाठी हा खटाटोप.

असा कागद कसा तयार होतो, हे पाहण्यासाठी एक दुकान कल्पनेतच उभं करू. जागा पुण्यात बाणेरला, कामाला दोन मेकॅनिक आणि गिऱ्हाईक म्हणजे सायकलने ऑफिसला जाणारे लोक.

पहिला मसुदा बहुधा असा उतरतो: ‘सर्व वयोगटांतील सायकलप्रेमींसाठी दर्जेदार आणि विश्वासार्ह सेवा.’ वाचायला छान आहे, पण कामाचं काही नाही. हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे त्या वाक्याखाली शेजारच्या दुकानाचं नाव लिहून पाहायचं. तरीही वाक्य तितकंच शोभून दिसत असेल, तर ते आपल्या दुकानाबद्दल काहीच सांगत नाही. वॉशिंग मशिन दुरुस्त करणाऱ्यालाही ते चालून जाईल.

म्हणून चांगला ब्रीफ वयोगटापासून सुरू न होता गिऱ्हाइकाच्या दिवसापासून सुरू होतो. समजा, कोथरूडला राहणारी एक बाई बाणेरच्या ऑफिसात सायकलने येते. साडेआठला घर सोडते, संध्याकाळी सहाला परत निघते. सायकल गिअरची आहे, पण तिच्या यंत्रात डोकं घालण्याची या बाईंना हौस नाही. सायकलची दुकानं बऱ्याचदा दहानंतर उघडतात, तेव्हा या ऑफिसात असतात. त्यामुळे दुरुस्ती शनिवारवर जाते. शनिवारी सगळेच येतात, मग सायकल दोन-तीन दिवस दुकानातच राहते. त्या दोन-तीन दिवसांत त्या स्कूटर काढतात, आणि एकदा काढलेली स्कूटर पुढच्या आठवड्यातही निघते.

या एका दिवसातून ब्रीफमधल्या तीन गोष्टी ठरून जातात. पहिली जागेची: दुकान घराजवळ नको, ऑफिसाजवळ हवं, कारण सायकल दिवसभर ऑफिसच्या पार्किंगमध्येच उभी असते. दुसरी वेळेची: दुकान सकाळी आठला उघडायला हवं आणि रात्री आठपर्यंत चालू राहायला हवं. पुण्याची ती प्रसिद्ध दुपारची विश्रांती इथे परवडणार नाही, कारण खरं काम दुपारीच व्हायचं आहे. तिसरी स्पर्धकाची. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला किंवा मोठ्या शोरूमचं सर्व्हिस सेंटर हे या दुकानाचे दुय्यम प्रतिस्पर्धी. मुख्य प्रतिस्पर्धी म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी उभी असलेली स्कूटर.

तेव्हा शब्द द्यायचा तो वेळेचा: सकाळी सायकल द्या, संध्याकाळी सहाच्या आत चालवत न्या.

शब्द लिहिणं सोपं, पण पुढचं गणित ब्रीफमध्येच मांडावं लागतं. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच ही कामाची वेळ धरली आणि जेवणाचा एक तास वगळला, तर एका मेकॅनिकच्या हाती ३६० मिनिटं उरतात. ब्रेक, गिअर, चेन, चाकाचा आउट काढणं आणि शेवटी एक फेरी मारून पाहणं अशा नेहमीच्या सर्व्हिसिंगला ७० मिनिटं धरू. म्हणजे एका मेकॅनिकच्या पाच आणि दोघांच्या मिळून दहा सायकली झाल्या. पण दहा घेतल्या तर शब्द मोडणारच. उघडल्यावर आरा तुटलेला निघतो, गिअरची वायर आतून गंजलेली निघते, मध्येच कुणीतरी पंक्चर सायकल ढकलत आणतं. म्हणून ब्रीफमध्ये आकडा लिहायचा सात. उरलेले जवळजवळ चार तास अशा अडचणींसाठी. आठवी सायकल आली, तर तिला उद्याची वेळ द्यायची.

इथे डॉमिनोजचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. अर्ध्या तासात पिझ्झा पोचवण्याच्या हमीवर ही कंपनी अमेरिकेत नावारूपाला आली. पण पिझ्झा पोचवणाऱ्यांच्या गाड्यांचे अपघात झाले, खटले उभे राहिले आणि १९९३ मध्ये कंपनीने तिथली ती हमी मागे घेतली. वेळेच्या शब्दाचा ताण शेवटी हाताने काम करणाऱ्यावर पडतो. सायकलच्या दुकानात तो ताण घाईत आवळलेल्या ब्रेकवर उतरू शकतो. म्हणून ब्रीफमध्ये शब्दाला लागूनच दोन नियम हवेत. ब्रेक तपासून फेरी मारल्याशिवाय सायकल दुकानाबाहेर जाणार नाही. आणि उशीर झालाच, तर गिऱ्हाइकाचं घरापर्यंतचं रिक्षाभाडं दुकान देईल. मेकॅनिकच्या पगारातून काही कापलं जाणार नाही.

यानंतर प्रश्न येतो विश्वासाचा. ज्याला सायकलमधलं कळत नाही, त्याच्या मनात एकच शंका असते: चेन खरंच गेली आहे की उगाच बदलायला लावतायत? याचं उत्तर पट्टीने देता येतं. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. वापराने पिना झिजतात आणि हेच माप वाढतं. ते एक षोडशांश इंचाने वाढलं की चेन बदलायची वेळ आली. वाढ एक अष्टमांशावर गेली, तर मागच्या चाकावरचे दातेही बहुधा झिजलेले असतात आणि खर्च कितीतरी वाढतो. दुकानाने चेनवर पट्टी ठेवून फोटो काढायचा आणि दर लिहून व्हॉट्सॲपवर पाठवायचा. होकार आल्याशिवाय पानं फिरवायचा नाही.

जो शब्द दिला, त्यावरूनच कपाटात काय ठेवायचं तेही ठरतं. दिवसाच्या आत काम करायचं, तर सुटा भाग मागवायला वेळ नसतो. त्यामुळे ऑफिसवाल्यांच्या सायकलींना लागणाऱ्या ट्यूब दुकानातच असायला हव्यात, जाड व्हॉल्व्हच्या आणि बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हच्याही. साधा पंप प्रेस्टावर बसत नाही, म्हणून रस्त्यावर अनेकांचं घोडं तिथेच अडतं. ब्रेक पॅडचा साठा पावसाळ्याआधी वाढवायचा, कारण पाणी आणि चिखल मिळून ते लवकर झिजवतात.

ब्रीफमधला सगळ्यात अवघड रकाना म्हणजे काय करणार नाही. शर्यतीच्या महागड्या सायकली, लहान मुलांच्या सायकली आणि नव्या सायकलींची विक्री इथे नसेल. हायड्रॉलिक ब्रेकचं तेल बदलायचं काम घेतलं, तरी त्याला सहाचा शब्द लागू नसेल आणि तसं पावतीवर छापलेलं असेल.

आता कुठे पाटीचा विचार. तिच्यावर नावाच्या खालोखाल ठळक दिसायला हव्यात त्या वेळा, आठ ते आठ, आणि त्याखाली दर. बोलणं साधं हवं. ‘तुमची चेन झिजली आहे, हा फोटो, इतका खर्च’ एवढ्या तीन गोष्टी कळल्या की मीटिंगमध्ये बसलेल्या माणसाला होकार किंवा नकार देता येतो. ब्रीफच्या तळाशी तीन महिन्यांनी तपासायचे दोन आकडे लिहून ठेवायचे: सहाच्या आत किती सायकली गेल्या, आणि रिक्षाभाडं किती वेळा द्यावं लागलं. दुसरा आकडा वाढू लागला, तर सातच्या जागी सहा सायकली घ्यायच्या.