दुप्पट अधिक एक: हनोईच्या मनोऱ्यापासून सूत्रापर्यंत

१, ३, ७, १५, ३१, ६३ ही क्रमिका ज्या नियमाने पुढे जाते तो अगदी लहान आहे: आधीचे पद दुप्पट करायचे आणि त्यात एक मिळवायचा. पुढचे पद आधीच्या पदावरून ठरवणाऱ्या अशा नियमाला आवर्ती संबंध म्हणतात. नियम सोपा असला, तरी त्याच्या आधारे विसावे पद काढायचे तर एकोणिसावे ठाऊक हवे, एकोणिसाव्यासाठी अठरावे, आणि असे करत पार पहिल्यापर्यंत मागे जावे लागते. ही पायपीट टाळायची तर असे सूत्र हवे, की ज्यात n ची किंमत घातली की थेट n वे पद मिळेल.

हा संबंध सर्वांत स्वच्छ रूपात दिसतो तो ‘हनोईचा मनोरा’ या कोड्यात. फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी १८८३ मध्ये ते खेळणे म्हणून बाजारात आणले, तेही ‘क्लाउस’ या टोपणनावाने. ‘ल्युका’ची अक्षरे उलटसुलट केली की हे नाव तयार होते. तीन खुंट्या असतात. एकीवर भोक पाडलेल्या चकत्या रचलेल्या असतात, सर्वांत मोठी तळाशी आणि सर्वांत लहान वर. हा सगळा ढीग दुसऱ्या खुंटीवर न्यायचा. एका वेळी एकच चकती उचलायची आणि लहान चकतीवर मोठी कधीही ठेवायची नाही. ल्युकांच्या संचात आठ चकत्या होत्या.

n चकत्यांसाठी लागणाऱ्या कमीत कमी चालींच्या संख्येला Tₙ म्हणू. एक चकती असेल तर एक चाल पुरते. दोन असतील तर लहान चकती बाजूला, मोठी जागेवर, लहान तिच्यावर, अशा तीन चाली होतात. n चकत्यांसाठीही हीच युक्ती चालते. वरच्या n−1 चकत्या मोकळ्या खुंटीवर नेऊन ठेवायच्या, यासाठी Tₙ₋₁ चाली लागतात. मग तळाची चकती एका चालीत मुक्कामाला न्यायची आणि बाजूला ठेवलेला ढीग पुन्हा Tₙ₋₁ चालींत तिच्यावर आणायचा. म्हणून एवढ्या चाली नक्कीच पुरतात:

Tₙ = 2Tₙ₋₁ + 1

याहून कमी चालींत काम होणार नाही कशावरून? हा प्रश्न अनेकदा राहून जातो, आणि त्याच्या उत्तराशिवाय वरचे बरोबरीचे चिन्ह लिहिण्याचा अधिकार मिळत नाही. तळाची चकती कधीतरी हलवावीच लागते. ती प्रथम उचलताना तिच्यावर काहीही नसले पाहिजे, आणि जिथे ती ठेवायची ती खुंटीही रिकामी हवी, कारण बाकीच्या सगळ्या चकत्या तिच्याहून लहान आहेत. म्हणजे त्या क्षणी उरलेल्या n−1 चकत्या तिसऱ्या खुंटीवरच असणार, आणि त्यांना तिथे नेण्यात निदान Tₙ₋₁ चाली खर्च झालेल्या असणार. मोठी चकती शेवटची हलल्यानंतरही इतर चकत्या तशाच एका खुंटीवर असतात आणि त्यांना मुक्कामी आणायला पुन्हा निदान Tₙ₋₁ चाली लागतात. खेळ कोणत्याही रीतीने खेळला, तरी या दोन खर्चांतून आणि मधल्या एका चालीतून सुटका नाही.

आता सूत्राकडे. १, ३, ७, १५, ३१ ही पदे २, ४, ८, १६, ३२ यांच्या शेजारी ठेवली की प्रत्येक पद दोनाच्या एका घातापेक्षा एकाने कमी दिसते, आणि Tₙ = 2ⁿ − 1 असा अंदाज सहज सुचतो. तो बरोबर आहे. पण अंदाज आणि सिद्धता यांत अंतर असते, आणि ते किती फसवे असू शकते हे याच नियमावरून दाखवता येते. सुरुवात १ ऐवजी २ पासून केली, तर २, ५, ११, २३, ४७ ही पदे मिळतात. पाचही मूळ संख्या आहेत. प्रत्येक पद मूळ संख्याच असेल असे इथे कुणालाही वाटेल, पण पुढचे पद ९५ आहे, म्हणजे ५ गुणिले १९. पाच पदांची साक्ष सहाव्याला पुरली नाही.

अंदाज पक्का करण्याची एक रीत म्हणजे गणिती विगमन. सूत्र n = 1 साठी तपासले तर 2 − 1 = 1, ठीक. मग ते n−1 साठी खरे आहे असे धरून नियमात घातले की 2(2ⁿ⁻¹ − 1) + 1 = 2ⁿ − 2 + 1 = 2ⁿ − 1 मिळते. म्हणजे सूत्र एका पदाला लागू असेल, तर पुढच्यालाही लागू होते, आणि पहिल्याला ते लागू आहेच. सिद्धता निर्दोष आहे. तिच्यात उणीव एवढीच, की सूत्र आधीच हातात असावे लागते. ते सापडले कसे, याबद्दल ती काही सांगत नाही.

सूत्र शोधून काढण्याची रीत वेगळी आहे. नियमात नुसतेच दुप्पट करणे असते, तर काम कठीण नव्हते. N वेळा दुप्पट करणे म्हणजे 2ⁿ ने गुणणे. अडथळा त्या मिळवलेल्या एकाचा आहे, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर तोही दुप्पट होत जातो. मग असे विचारता येते: प्रत्येक पदात k ही एकच संख्या मिळवली, तर नवी पदे नुसती दुप्पट होत जातील असा k आहे का? म्हणजे हे समीकरण हवे:

Tₙ + k = 2(Tₙ₋₁ + k)

डावीकडे Tₙ च्या जागी 2Tₙ₋₁ + 1 लिहिले की 2Tₙ₋₁ + 1 + k = 2Tₙ₋₁ + 2k होते, आणि त्यातून k = 1 मिळतो. प्रत्येक पदात एक मिळवताच क्रमिका २, ४, ८, १६, ३२ अशी होते आणि गुंता सुटतो. Tₙ + 1 ही भूमिती श्रेढी आहे. तिचे पहिले पद २, म्हणून n वे पद 2ⁿ. मिळवलेला एक परत काढून घेतला की Tₙ = 2ⁿ − 1. इथे काहीही ओळखावे लागले नाही.

या k चा अर्थही समजून घेण्यासारखा आहे. ‘दुप्पट अधिक एक’ केल्यावर न बदलणारी संख्या कोणती, असे विचारले तर x = 2x + 1 यावरून −1 मिळते. उणे एकाची दुप्पट उणे दोन, त्यात एक मिळवला की पुन्हा उणे एक. इतर कोणत्याही संख्येचे −1 पासूनचे अंतर मात्र दर पायरीला दुप्पट होते. T + 1 हे तेच अंतर आहे. नियमाचा स्थिर बिंदू शोधायचा आणि मोजणी शून्याऐवजी त्या बिंदूपासून करायची, एवढेच या रीतीत घडते.

दोनाच्या पायात संख्या लिहिल्या तर हेच नुसत्या नजरेने दिसते. दुप्पट करणे म्हणजे उजवीकडे शून्य जोडणे, आणि त्यात एक मिळवणे म्हणजे त्या शून्याचा एक करणे. म्हणून क्रमिका 1, 11, 111, 1111 अशी वाढते. चार एके असलेल्या संख्येत एक मिळवला की हातचे सरकत जाऊन 10000 होते, म्हणजे दोनाचा चौथा घात.

सुरुवात बदलली की सूत्रही बदलते, आणि चुका बहुधा इथेच होतात. शून्यावे पद t₀ असेल, तर त्याचे −1 पासूनचे अंतर t₀ + 1, आणि n पायऱ्यांनंतर ते 2ⁿ पट झालेले असते:

tₙ = 2ⁿ(t₀ + 1) − 1

हनोईच्या कोड्यात शून्य चकत्यांना शून्य चाली, म्हणून t₀ = 0, आणि नेहमीचे सूत्र परत मिळते. २ पासून सुरू झालेल्या क्रमिकेसाठी ते 3·2ⁿ − 1 होते. पण त्याच २ ला शून्यावे न म्हणता पहिले पद म्हटले, तर घातांक n−1 लिहावा लागतो. ही एका पायरीची चूक पकडणे सोपे आहे: सूत्रात पहिली दोन पदे घालून पाहावीत. एकच पद तपासून भागत नाही, कारण चुकीचे सूत्रही एखाद्या ठिकाणी योगायोगाने जुळू शकते.

मघाच्या मूळ संख्यांची साखळी का तुटली, याचेही उत्तर सूत्रातच आहे. सुरुवात p या विषम मूळ संख्येपासून केली, तर tₙ = 2ⁿ·p + (2ⁿ − 1). यातल्या पहिल्या भागाला p ने भाग जातोच. दुसऱ्या भागाबद्दल फर्मा यांचे प्रमेय सांगते की n = p − 1 असताना त्यालाही p ने भाग जातो. म्हणजे p − 1 पायऱ्यांनंतर येणाऱ्या पदाला p ने भाग जातो आणि ते मूळ असू शकत नाही. ५ पासून चार पायऱ्या पुढे गेले की ५, ११, २३, ४७ नंतर नेमके ९५ येते. साखळी याहून आधीही तुटू शकते, पण या नियमाने मूळ संख्यांची अखंड साखळी कधीच मिळणार नाही, हे आता निश्चित आहे. पदे एकेक काढत बसून हे कधीच सिद्ध झाले नसते.

ल्युकांच्या खेळण्याबरोबर एक कथा पसरली: काशीच्या मंदिरात हिऱ्याच्या तीन सुयांवर सोन्याच्या ६४ चकत्या आहेत, पुजारी त्या रात्रंदिवस हलवत आहेत, आणि काम संपताच जगाचा अंत होईल. ही कथा फ्रान्समध्ये रचलेली आहे; काशीला असे मंदिर नाही. हिशेब मात्र करता येतो. आठ चकत्यांना २५५ चाली लागतात. सेकंदाला एक चाल धरली तर सव्वाचार मिनिटे. वीस चकत्यांना १०,४८,५७५ चाली, म्हणजे बारा दिवसांहून थोडे अधिक. ६४ चकत्यांना १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ चाली, म्हणजे सुमारे ५८,००० कोटी वर्षे. विश्वाचे वय आज सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते.

दोन आणि एक यांच्या जागी कोणत्याही संख्या घेऊन tₙ = p·tₙ₋₁ + q असा नियम केला, तरी रीत तीच राहते. x = px + q सोडवून स्थिर बिंदू q/(1 − p) काढायचा आणि तिथपासूनचे अंतर दर पायरीला p पट होते हे वापरायचे. p = 1 असताना मात्र भाजक शून्य होतो आणि स्थिर बिंदू मिळत नाही. तेव्हा प्रत्येक पायरीवर फक्त q मिळवला जात असतो, क्रमिका अंकगणिती श्रेढी असते, आणि तिचे सूत्र t₀ + nq असे घाताविनाच लिहिता येते.