यादी नंतर, आधी पोच

कारखाना पुण्यात, विक्री शाखा नागपुरात. राज्य एकच, त्यामुळे जीएसटी क्रमांकही एकच. उलाढाल पाच कोटींच्या आत असल्याने ई-इनव्हॉइस लागू नाही, पण विवरणपत्र दर महिन्याला भरलं जातं. ऑक्टोबरचं जीएसटीआर-१ भरायची मुदत ११ नोव्हेंबर. सगळी विक्री बिलं तयार आहेत, अडलंय ते एकाच गोष्टीवर. परत आलेल्या मालापोटी नागपूरच्या सहकाऱ्याने ग्राहकांना दिलेल्या क्रेडिट नोटांची यादी अजून आलेली नाही.

समजा, त्या नोटा २ लाखांच्या मालाच्या आहेत. १८ टक्क्यांनी ३६,००० रुपयांचा कर त्यांच्यामुळे कमी व्हायला हवा. यादी चुकली तर तेवढी रक्कम २० तारखेला जीएसटीआर-३बीसोबत भरावी लागते. पुढच्या महिन्यात नोटा दाखवता येतात, म्हणजे पैसे बुडत नाहीत. पण दिवाळीचे बोनस वाटून बसलेल्या छोट्या कारखान्याला महिनाभर ३६,००० अडकणंही जाणवतं.

पुण्याच्या लेखापालबाई ५ तारखेला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितात, “सर, क्रेडिट नोटांचं लवकर बघा ना प्लीज.” थोड्या वेळाने दोन निळ्या खुणा उमटतात. उत्तर येत नाही.

निळी खूण एवढंच सांगते की त्या फोनवर निरोप उघडला गेला. वाचणाऱ्याला काय हवंय ते उमगलं का, ते काम त्याने आपलं मानलं का, हे तिच्यात नसतं. नागपूरचे सहकारी त्या वेळी एखाद्या ग्राहकाच्या गोदामात उभे असतील. यादी करायला कार्यालयात जाऊन फाईल काढावी लागेल, तासभर मोडेल. तेव्हा “झाली की पाठवतो, मगच उत्तर देऊ” असं ते मनाशी ठरवतात आणि निरोप खाली सरकत जातो. उत्तर उशिरा देणाऱ्या बऱ्याच माणसांचं असंच होतं. त्यात टाळाटाळ नसते. त्यांच्या लेखी उत्तर म्हणजे पूर्ण झालेलं काम.

म्हणून मागणीचे दोन तुकडे करावे लागतात. यादी ९ तारखेला चालेल, पोच मात्र आजच हवी. तोच निरोप असा लिहिता येतो:

“सर, ऑक्टोबरमधल्या क्रेडिट नोटांची यादी हवी आहे: नोट क्रमांक, तारीख, ग्राहकाचा जीएसटी क्रमांक, मूळ रक्कम आणि कर. विवरणपत्राची मुदत ११ तारीख आहे, मला यादी ९ तारखेला संध्याकाळी ५ पर्यंत लागेल. आत्ता यादी नको. निरोप मिळाला एवढं आणि कोणत्या दिवशी, किती वाजता देऊ शकाल, इतकंच आज संध्याकाळपर्यंत कळवा.”

गोदामात उभं राहूनही याला उत्तर देता येतं. हा निरोप शाखेच्या ग्रुपवर टाकू नये, त्यांनाच पाठवावा. ग्रुपवर प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणी बघेल.

उत्तर आलं तरी ते नीट वाचावं. “हो मॅडम, देतो” ही पोच झाली, वेळ नव्हे. “एक-दोन दिवसांत” हीसुद्धा वेळ नव्हे. इथे पुन्हा तोच प्रश्न विचारण्यापेक्षा निवड समोर ठेवलेली बरी: “८ ला संध्याकाळी जमेल की ९ ला दुपारी?” संध्याकाळपर्यंत काहीच आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ फोन करावा. त्यानंतर एक ओळ लिहून ठेवावी, “फोनवर ठरल्याप्रमाणे ९ ला दुपारी ४.” यात अविश्वास नाही, ठरलेली वेळ दोघांनाही सापडेल अशा जागी राहते. साहेबांना मध्ये घ्यायचं असेल, तर ते या फोननंतर. पहिल्याच निरोपात त्यांना जोडलं की समोरचा खुलासे लिहायला बसतो आणि यादी तशीच राहते.

कधी उत्तर येतं, “१२ च्या आधी शक्य नाही.” हेही उपयोगाचं उत्तर आहे, कारण ते ६ तारखेलाच हातात पडलं. मग नोटांचे फोटो मागवून यादी पुण्यात करता येईल का, हे बघायला वेळ उरतो. तेही जमलं नाही, तर जीएसटीआर-१ मुदतीत भरून टाकावं. राहिलेल्या नोटा जीएसटीआर-३बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए मधून त्याच महिन्यात घेता येतात. मात्र हा फॉर्म त्या महिन्यासाठी एकदाच भरता येतो. म्हणून सगळ्या नोटा हातात आल्याची खात्री करूनच तो भरावा.

यादी ९ तारखेलाच मागायचं कारण यादी आल्यावर कळतं. सहा नोटा असतात आणि एका ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकात पंधराऐवजी चौदाच अक्षरं असतात. पोर्टल तो घेत नाही. आता त्या ग्राहकाला फोन लावायला पूर्ण एक दिवस हाताशी आहे.