रविवार, दिनांक २२

सन २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या सोसायटीच्या जिन्याखालच्या फळ्यावर वार्षिक सभेची सूचना लागली. ‘रविवार, दि. २२ सप्टेंबर २०२५ रोजी ठीक ६.३० वा. सोसायटीच्या आवारात’ सभा होणार, असं तिच्यात होतं. चार दिवस आम्ही सगळे तिच्याकडे बघत लिफ्टची वाट पाहत होतो आणि कुणालाच काही खटकलं नाही. पाचव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भिंतीवरच्या कॅलेंडरात पितृपक्षाच्या तिथ्या बघत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, बाविसाव्याला तर घटस्थापना आहे. तो सोमवार आहे.”

चूक कुठून आली ते शोधायला वेळ लागला नाही. आदल्या वर्षी, म्हणजे २०२४ मध्ये, सभा रविवारी २२ सप्टेंबरला झाली होती. सेक्रेटरीकाकांनी संगणकातली तीच फाइल उघडली, ‘२०२४’चं ‘२०२५’ केलं आणि छापली. साधं वर्ष ३६५ दिवसांचं असतं, म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस. म्हणून तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते आणि मधे २९ फेब्रुवारी आली तर दोन वार. सूचनेतला वार खऱ्या वारापेक्षा नेमका एक किंवा दोनने मागे दिसला, की ती गेल्या वर्षीच्या कागदावरून उतरवली आहे असं खुशाल समजावं.

तारीख असताना वार कशाला लिहायचा, असं काहींना वाटतं. वार म्हणजे तारखेचा साक्षीदार. ‘२१’चं ‘२७’ झालं तर नुसती तारीख काही बोलत नाही, वार मात्र लगेच ओरडतो. पण दोघांची जबानी जुळेनाशी झाली की खरं कोण ते कागदावरून ठरत नाही. आमच्याकडे अर्धे लोक म्हणाले, सभा रविवारीच असते, तेव्हा २१ धरा. बाकीचे म्हणाले, तारीख छापलेली आहे, तेव्हा सोमवार धरा. फळ्यावर पेनाने २२ चे २१ करून मोकळं व्हावं, असाही सल्ला आला.

तसं करता येत नाही, कारण मधे दिवसांचा हिशेब येतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी सभासदांना पूर्ण १४ दिवसांची सूचना द्यावी लागते, विशेष सभेसाठी पूर्ण ५ दिवसांची. ‘पूर्ण’ या शब्दात सगळी गोम आहे. सूचना हातात पडली तो दिवस मोजायचा नाही, सभेचाही मोजायचा नाही. मधे १४ दिवस उरले पाहिजेत. रविवार २१ सप्टेंबरला सभा हवी तर ७ ते २० हे चौदा दिवस मोकळे हवेत, म्हणजे सूचना उशिरात उशिरा शनिवारी ६ तारखेला पोचायला हवी. त्या वर्षी ६ तारखेला अनंत चतुर्दशी होती. त्या दिवशी कोण कुणाच्या दारात कागद घेऊन पोच मागत फिरणार?

चूक सापडली तेव्हा मंगळवार ९ तारीख उजाडली होती. त्याच दिवशी दुरुस्त सूचना सगळ्यांना पोचवली असती, तरी १० ते २३ हे चौदा दिवस सोडून सभा बुधवारी २४ ला, त्याच्या आधी नाही. हा हिशेब २१ आणि २२ दोन्ही तारखांना बाद करतो. दुसऱ्या बाजूने भिंत होतीच. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. न घेतल्यास जबाबदार समिती सदस्यांना अपात्र ठरवण्याची तरतूद सहकार कायद्यात आहे. चोवीस ते तीस, या खिडकीत रविवार एकच होता, २८ चा. त्यासाठी सूचना शनिवार १३ तारखेपर्यंत प्रत्येकाच्या हाती पडायला हवी होती.

समितीने २८ ठरवली आणि नवी सूचना लिहायला या वेळी चौघे बसले. पहिलाच वाद वेळेवरून झाला. ‘ठीक ६.३० वा.’ यात ‘ठीक’ हा शब्द रुबाबदार आहे, पण सकाळ की संध्याकाळ ते तो सांगत नाही. साडेसहाला सकाळी कोण सभा घेतं, असं वाटेल. पण आठ वाजता? रविवारी सकाळी आठलाही सभा होतात आणि रात्री आठलाही. एक काका ‘स.’ आणि ‘सं.’ लिहायचे, सकाळी आणि संध्याकाळी. दोघांत फरक एका अनुस्वाराचा, आणि झेरॉक्सच्या तिसऱ्या प्रतीत तो टिंब उडून जातो. निवृत्त रेल्वेवाले एकजण म्हणाले, “१७.३० लिहा, प्रश्नच मिटतो.” ज्यांचा जन्म वेळापत्रकांत गेला त्यांचा मिटतो. बाकीचे १७.३० वरून एक दशक उडवून साडेसात वाचतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. शेवटी ‘सायंकाळी ५.३० (साडेपाच) वाजता’ असं पूर्ण लिहायचं ठरलं. अक्षरी लिहिण्याचं आणखी एक कारण होतं. आमच्याकडे देवनागरी अंकांशी फारशी ओळख नसलेली चार कुटुंबं आहेत आणि देवनागरी १ त्यांना इंग्रजी नऊसारखा दिसतो. महिनाही याच कारणाने अक्षरी लिहिला. ५/९ म्हणजे आपल्याला पाच सप्टेंबर, पण एका सभासदाची सगळी पत्रं उघडणारा मुलगा अमेरिकेत आहे, आणि तिथे तो नऊ मे होतो.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकायच्या निरोपातूनही ‘उद्या’, ‘परवा’, ‘येत्या रविवारी’ हे शब्द काढले. निरोप रात्री पावणेबाराला लिहिला आणि समोरच्याने साडेबाराला वाचला की ‘उद्या’ एक दिवस पुढे जातो. आणि परवा तर मराठीत मागचाही असतो नि पुढचाही.

ठिकाणाला मात्र फार वेळ लागला नाही. ‘सोसायटीच्या आवारात’ हे राहत्या लोकांना कळतं, फ्लॅट भाड्याने देऊन दुसऱ्या गावी राहणाऱ्या मालकाला कळत नाही. तो गच्चीवर जातो, ऑफिसात डोकावतो आणि परत जातो. सप्टेंबरात गच्चीचा भरवसाही नाही. म्हणून ‘पाऊस नसल्यास गच्चीवर’ असली अट घालण्यापेक्षा छप्पर असलेली एकच जागा ठरवली.

सर्वांत महत्त्वाची ओळ तारखेची नव्हतीच. ती होती दुसऱ्या वेळेची. आदर्श उपविधींप्रमाणे सभेची गणपूर्ती म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यातली जी संख्या कमी असेल ती. आम्ही चोवीस, म्हणजे सोळा हवेत. सोळा माणसं वेळेवर जमल्याचं मला तरी आठवत नाही. ठरलेल्या वेळेपासून अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते. ती त्याच दिवशी नंतर घेता येते आणि तिला गणपूर्तीची अट नसते. पण ती नंतरची वेळ मूळ सूचनेतच लिहिलेली असावी लागते. लिहिलेली नसेल तर तहकूब सभा किमान सात दिवसांनी आणि तीस दिवसांच्या आत घ्यावी लागते. २८ ला सात मिळवा, ५ ऑक्टोबर. म्हणजे ती एक ओळ विसरली असती, तर तारीख, वार, वेळ, जागा सगळं बरोबर असूनही ३० सप्टेंबरची मुदत हुकली असती. काही सूचनांत ही दुसरी वेळ पंधराच मिनिटांनी दिलेली असते. ती चालत नाही, कारण अर्धा तास थांबणं सक्तीचं आहे.

शेवटी दारोदार गेला तो मजकूर असा:

सभेची सूचना
दिनांक : ११ सप्टेंबर २०२५
सर्व सभासदांस,
संस्थेच्या अधिमंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा खालीलप्रमाणे होईल.
वार व दिनांक : रविवार, २८ सप्टेंबर २०२५
वेळ : सायंकाळी ५.३० (साडेपाच) वाजता
ठिकाण : बी विंगच्या जिन्यालगतचे पार्किंग, तळमजला
वरील वेळेनंतर अर्ध्या तासात गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होईल. तहकूब सभा त्याच दिवशी, त्याच ठिकाणी सायंकाळी ६.०० (सहा) वाजता सुरू होईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.
२२ सप्टेंबर २०२५ या तारखेची यापूर्वीची सूचना रद्द समजावी.
विषयपत्रिका सोबत जोडली आहे.
समितीच्या आदेशावरून,
सचिव

साडेपाच ही वेळ थोडी लवकरची होती खरी. पण नवरात्र सुरू होतं आणि शेजारच्या मैदानात आठनंतर गरब्याचे स्पीकर लागत, त्यांच्यापुढे हिशेबतपासनिसाचा अहवाल कुणाला ऐकू आला नसता. सूचना वाटताना माहीत नव्हतं ते पुढे कळलं, की त्याच रात्री आठला दुबईत आशिया चषकाचा अंतिम सामना, भारत आणि पाकिस्तान! साडेसातची सभा ठेवली असती तर तहकूब सभेलाही समितीच बसली असती.

रविवारी साडेपाचला आम्ही नऊजण होतो. सहापर्यंत तेरा झालो. अध्यक्षांनी घड्याळ बघून सभा तहकूब झाल्याचं सांगितलं, सेक्रेटरीकाकांनी इतिवृत्तात तशी नोंद केली आणि सहा वाजता त्याच खुर्च्यांवर तहकूब सभा सुरू झाली. पावणेआठला संपली.

त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. सोमवारी २२ तारखेला संध्याकाळी साडेसहाला एक गृहस्थ गच्चीच्या कुलपाशी उभे होते. पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटचे मालक, नाशिकहून आलेले. पहिली सूचना त्यांना टपालाने गेली होती. दुसरी भाडेकरूच्या हाती दिली होती, आणि ती त्याच्या फ्रिजवर चुंबकाखाली होती. काकांनी त्यांना चहा पाजला, दुसऱ्या सूचनेची प्रत समोर ठेवली आणि पोचेच्या वहीत सही घेतली. त्यांनी सहीखाली तारीख घातली, २२ सप्टेंबर. म्हणजे त्यांच्यापुरते मधे पाचच दिवस उरले होते. काका वहीकडे बराच वेळ बघत राहिले. “मी रविवारी येतोच आहे, माझी काही हरकत नाही,” असं मालक म्हणाले, तेव्हा काकांनी त्याच पानावर तेही वाक्य त्यांच्या हाताने लिहून घेतलं.