टाकी भरल्यावर पाणी कुठे जाणार?

इमारतीच्या पर्जन्यजल संकलनाचा आराखडा हातात आला की नजर आधी टाकीच्या चौकोनावर जाते. माझ्या मते तो उलट्या बाजूने, ओव्हरफ्लोच्या बाणापासून वाचावा. कारण गणितातच आहे.

समजा, पुण्यातल्या एका इमारतीची गच्ची ३०० चौरस मीटर आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर धरला आणि पंधरा टक्के वाया गेला, तरी जवळजवळ पावणेदोन लाख लिटर हाती येतं. पण ते एकदम येतं, हीच अडचण. तासाला ५० मिलिमीटर असा जोर असेल, तर याच गच्चीवरून तासाभरात पावणेतेरा हजार लिटर उतरतं. दहा हजार लिटरची टाकी पाऊण तासाच्या आसपास काठोकाठ भरते. पुढचं सगळं पाणी त्या बारीक बाणाच्या वाटेनं जायचं!

म्हणून ओव्हरफ्लोचा पाइप टाकीत पाणी आणणाऱ्या पाइपापेक्षा लहान नको आणि त्याचं तोंड त्याच्याहून खाली हवं. दोन इंची पाइप काढून पैसे वाचवले, तर पाणी टाकीच्या झाकणातून पार्किंगमध्ये येतं. त्याहून वाईट म्हणजे तो पाइप जवळ पडतो म्हणून ड्रेनेजच्या चेंबरला जोडणं. चेंबर तुंबलं की मैलापाणी उलटं टाकीत शिरतं. आराखड्यात हा बाण शोषखड्ड्याकडे किंवा पावसाळी गटाराकडे जायला हवा. खड्डा पायापासून आणि सेप्टिक टँकपासून दूर हवा, आणि तोही भरतो, त्यामुळे त्यालाही पुढची वाट लागतेच. पाइपाच्या टोकाला जाळी नसली तर उंदीर आणि डास आत जातात.

आता मागे फिल्टरकडे येऊ. पहिल्या पावसाचं पाणी गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची घाण घेऊन उतरतं. निदान पहिला एक मिलिमीटर, म्हणजे इथे ३०० लिटर, वेगळ्या पाइपात अडवून सोडून द्यावं लागतं. त्या पाइपाच्या तळाशी पाणी हळूहळू निचरणारं छिद्र असतं. ते गाळानं बुजलं की पाइप भरलेलाच राहतो आणि पुढच्या पावसाची घाण थेट फिल्टरवर येते.

फिल्टरमध्ये खडी, जाड वाळू, कधी कोळसा असतो. वरच्या जोरात त्याच्यावर मिनिटाला दोनशेहून जास्त लिटर येतात. वाळूवर गाळाचा थर बसलेला असेल तर एवढं पाणी खाली उतरत नाही. ते झाकणातून उसळतं किंवा पाइपातून मागे चढून गच्चीवर साचतं. गच्चीवर तळं दिसलं की आपण जाळीत पालापाचोळा शोधतो. तो नसेल, तर खाली येऊन फिल्टर उघडावा. चांगल्या आराखड्यात फिल्टरच्या आधी एक बायपास दाखवलेला असतो. तो रेखाटलेला नसेल, तर सही करण्याआधी कंत्राटदाराला विचारा.