फ्लॉवर खरपूस का होत नाही?

ओव्हनमध्ये भाजलेला फ्लॉवर अनेक घरांत पहिल्या खेपेला फिकट, मऊ आणि ओलसर निघतो. मग पुढच्या वेळी तेल वाढवलं जातं, त्यानेही जमलं नाही तर ओव्हनलाच नावं ठेवली जातात. दोष बहुधा वेगळाच असतो. ट्रेत मावतात तेवढे तुरे कोंबलेले असतात.

फ्लॉवरमध्ये वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. तुऱ्याचा पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचं तापमान 100 अंशांच्या फारसं वर जात नाही, कारण मिळणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. हा खर्च लहान नाही. पाणी नेहमीच्या तापमानापासून उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळजवळ सातपट तेच पाणी वाफेत बदलायला लागते. खरपूस रंग आणि चव देणारी प्रक्रिया मात्र 140 अंशांच्या आसपास जोर धरते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी 1912 मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती मायार प्रक्रिया. म्हणजे आधी पृष्ठभाग कोरडा झाला पाहिजे, रंग त्यानंतर.

तुरे एकमेकांना चिकटून, एकावर एक बसले की निघालेली वाफ त्यांच्यामध्येच अडकते आणि फ्लॉवर भाजण्याऐवजी वाफवला जातो. दहा-पंधरा मिनिटांनी ओव्हनच्या काचेतून पाहिलं तर हे ओळखता येतं: काचेवर आतून पाण्याचे थेंब, ट्रेच्या तळाशी ओल, तुरे पिवळट. अशा वेळी तापमान वाढवत बसू नये, सरळ अर्धे तुरे काढून ठेवावेत.

साधारण 30 लिटरचा ओटीजी असेल, तर एका वेळी 400 ग्रॅम निवडलेले तुरे पुरे. जास्त हवे असतील तर दोन खेपा कराव्यात, त्याला पर्याय नाही. प्रत्येक मोठा तुरा देठासकट उभा अर्धा कापावा, म्हणजे त्याला एक सपाट बाजू मिळते. ती सपाट बाजू खाली, ट्रेला टेकलेली, आणि दोन तुऱ्यांमध्ये बोटभर जागा. आपल्याकडे फ्लॉवर अळीच्या भीतीने मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. सवय चांगली आहे, पण ते पाणी तुऱ्याच्या दाट फुलोऱ्यात लपून बसतं. निथळल्यावर तुरे जाड पंचावर अर्धा तास तरी पसरून ठेवावेत.

आता तेल. एवढ्या फ्लॉवरला दीड मोठा चमचा, म्हणजे साधारण 20 मिली लागतं. तेलाचं खरं काम तुरा आणि तापलेला पत्रा यांच्यामधल्या बारीक फटी भरून उष्णता पोहोचवण्याचं. त्यामुळे ते ट्रेवर वरून शिंपडू नये. परातीत घालून हाताने चोळावं, सगळे तुरे चकचकीत दिसावेत, पण परातीच्या तळाला तेल साचू नये. कमी पडलं तर तुऱ्यांचे शेंडे कोरडे, चिवट होतात आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी येतो. जास्त झालं तर ते फुलोऱ्यात मुरतं आणि तोंडात तुपकट लागतं. या तापमानाला रिफाइंड तेल बरं; घाण्याचं तेल लवकर धुरावतं, आणि ट्रेच्या मोकळ्या जागी त्याचा चिकट थर बसतो, जो घासताना घाम फोडतो.

तापमान 220 अंश ठेवावं, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, पंखा असेल तर 200. केकचे 180 अंश इथे कमी पडतात. रंग येईपर्यंत आतला तुरा गाळ होतो. 250 ला उलट होतं, कडा काळ्या आणि कडू, देठ कच्चं. ओटीजीच्या बटणावरचा आकडा पुष्कळदा खरा नसतो, तेव्हा आत ठेवायचा साधा थर्मामीटर घेतलेला बरा. ओव्हन पंधरा मिनिटं आधी तापवावा, रिकामा ट्रेही आतच ठेवून. तापल्या पत्र्यावर तुरे टेकताच चर्र आवाज यायला हवा.

मीठ ट्रेत घालण्याच्या अगदी आधी लावावं, नाहीतर तुऱ्यांना पाणी सुटतं. पंधरा मिनिटं हात लावू नये. मग एक तुरा उलथन्याने उचलून पाहावा. पत्र्याला धरून बसला असेल तर अजून वेळ आहे. सहज सुटला आणि खालची बाजू गडद तांबूस असेल तर सगळे उलटावेत. आणखी दहा-बारा मिनिटं पुरतात. ट्रे बाहेर आला की तुरे आकसलेले दिसतात, वजनही बरंच उतरलेलं असतं, तेव्हा चार माणसांचा अंदाज आधीच सढळ ठेवावा.

तिखट आणि गरम मसाला सुरुवातीला लावला तर तो तुऱ्याच्या आधी करपतो. शेवटच्या पाच मिनिटांत भुरभुरावा. लिंबू ताटात वाढताना पिळावं, आणि वर झाकण ठेवू नये, नाहीतर आतल्या वाफेने पुन्हा सगळं मऊ पडतं.