पुष्टी मागायची, परवानगी नाही

गृहनिर्माण सोसायटीने लिफ्टच्या देखभालीचा करार, म्हणजे रोजच्या बोलण्यातली एएमसी, बंद करायचं ठरवलं की कंपनीला जाणारं पहिलं पत्र बहुतेक वेळा एकाच साच्याचं असतं. आपली सेवा समाधानकारक नाही, वारंवार सांगूनही दखल घेतली गेली नाही, तरी करार रद्द करावा ही विनंती. अशा पत्राने सोसायटी आपली बाजू दोन ठिकाणी कमकुवत करते. विनंती म्हटल्यावर निर्णय कंपनीच्या हाती जातो आणि तिने उत्तर दिलं नाही तर करार चालूच राहिल्यासारखा दिसतो. सेवा वाईट असल्याचं कारण दिल्यावर कंपनी साहजिकच उत्तर देते की दोष दूर करायला ३० दिवस द्या, आमचा इंजिनिअर पाठवतो. करारात कारण न देता नोटीस देऊन बाहेर पडण्याचं कलम असेल, तर यातल्या कशाचीच गरज नसते. ते कलम वापरणं हा एका पक्षाने एकट्याने घ्यायचा निर्णय आहे. पत्राने तो कळवायचा असतो. कंपनीकडून लेखी पुष्टी मागायची ती त्यानंतरचा हिशोब बंद करण्यासाठी. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की करार महिनोन्महिने अर्धवट लोंबकळत राहतो.

हे नीट दिसण्यासाठी एक नमुना करार घेऊ. मुदत १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६. वर्षाचे ४८,००० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ५६,६४०. करारात दोन वेगळी कलमं आहेत. पहिलं म्हणतं की मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी लेखी नोटीस दिली नाही, तर करार आपोआप आणखी एका वर्षासाठी वाढेल. दुसरं म्हणतं की कोणताही पक्ष ९० दिवसांची लेखी नोटीस देऊन करार कधीही संपवू शकतो. बहुतेक कमिट्या यातलं एकच कलम वाचतात, आणि जे वाचायला हवं त्याच्या तारखा मोजत नाहीत. ३१ मार्चपासून ६० दिवस मागे गेलं तर ३० जानेवारी येतो. नोटीसचा दिवस धरायचा की सोडायचा, यावरही कंपनी हुज्जत घालू शकते. त्यामुळे शेवटच्या तारखेवर विसंबण्यात अर्थ नाही. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पत्र कंपनीच्या हातात पडलेलं असावं. दिलेली नोटीस म्हणजे पोस्टात टाकलेली की पोहोचलेली, हे अनेक करारांत स्पष्ट लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर पोहोचलेली तारीखच खरी धरून चालणं शहाणपणाचं.

आता समजा उशीर झाला आणि पत्र २ फेब्रुवारीला पोहोचलं. कंपनी लिहिते की मुदत टळली, करार ३१ मार्च २०२७ पर्यंत वाढला, ५६,६४० रुपये भरा. कमिटी हताश होऊन पैसे भरते. पण त्याच पत्राने दुसऱ्या कलमाचं कामही होऊ शकलं असतं. २ फेब्रुवारीपासून ९० दिवस ३ मे २०२६ ला संपतात. म्हणजे वाढलेल्या मुदतीतले फक्त १ एप्रिल ते ३ मे हे ३३ दिवस सोसायटीच्या अंगावर येतात आणि त्यांचे दिवसांच्या प्रमाणात साधारण ५,१२१ रुपये होतात. वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले असतील, तर उरलेल्या ५१,५१९ रुपयांचा परतावा मागता येतो, अर्थात करारात आगाऊ रकमेबद्दल उलट अट नसेल तर. हा फरक वकिली हुशारीतून येत नाही. नोटीसच्या पत्रात एक वाक्य जास्त असण्यातून येतो.

पत्राचा गाभा म्हणून असा असावा: ‘करार क्रमांक अमुक, दिनांक अमुक, यातील कलम अमुकनुसार सोसायटी या पत्राद्वारे कळवते की करार ३१ मार्च २०२६ रोजी संपेल आणि त्याचे नूतनीकरण होणार नाही. ही नोटीस त्या कलमासाठी मुदतीत नाही असे आपले म्हणणे असल्यास, हेच पत्र कलम तमुकखालील ९० दिवसांची नोटीस समजावे. त्या स्थितीत करार हे पत्र आपल्याला मिळाल्यापासून ९० दिवसांनी संपेल. करार संपण्यासाठी आपल्या उत्तराची आवश्यकता नाही. तथापि शेवटच्या सेवेची तारीख, येणे-देणे रक्कम आणि हस्तांतराच्या वस्तू यांची लेखी पुष्टी सात दिवसांत द्यावी.’ करार इंग्रजीत असेल, आणि तो बहुधा असतोच, तर कलमाचा क्रमांक आणि त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत; आपल्या शब्दांत सांगायला गेलं की फट राहते. सेवेबद्दलच्या तक्रारी खऱ्या असल्या तरी त्यांचं पत्र वेगळं. त्या भरपाईसाठी उपयोगी पडतील. या पत्रात त्या आल्या तर वाचणारा तारखांकडे न बघता तक्रारींना उत्तर देत बसतो.

पत्र कुठे पोहोचलं यावर सगळं उभं असतं, आणि नेमकी इथेच सर्वात जास्त ढिलाई होते. दर महिन्याला ग्रीसिंगला येणाऱ्या मेकॅनिकला सांगणं किंवा शाखेतल्या ओळखीच्या माणसाला व्हॉट्सअॅप करणं यालाच कमिटी नोटीस समजते. करारात नोटीसचा पत्ता दिलेला असतो, बहुधा कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचा, आणि अलीकडे एखादा ईमेलही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम १३ इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पक्षांनी वेगळं ठरवलं नसेल तर, समोरच्याने नेमून दिलेल्या ईमेल व्यवस्थेत संदेश शिरला त्या क्षणी तो मिळाला असं धरतात. पण दुसऱ्याच पत्त्यावर पाठवला, तर त्याने तो प्रत्यक्ष उघडून घेतला तेव्हाच मिळाला असं धरतात. म्हणजे शाखा व्यवस्थापकाच्या ईमेलवर गेलेलं पत्र त्याच्या मर्जीवर अवलंबून राहतं, नेमून दिलेल्या पत्त्यावर गेलेलं राहत नाही. कागदी प्रतही पाठवावी. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं आहे, तेव्हा स्पीड पोस्टची पावती आणि पोहोचल्याची नोंद दोन्ही जपून ठेवावीत. सोबत कमिटीच्या ठरावाची प्रत जोडावी. करारावर सही केलेले सचिव आता बदललेले असतात आणि ‘सही आमच्या नोंदीत नाही’ हे उत्तर देऊन कंपनीला एक महिना सहज मिळतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की करार संपायला कंपनीच्या उत्तराची गरजच नाही, तर पुष्टी मागायची कशाला? मागितल्याने उलट आपला निर्णय कच्चा दिसत नाही का? पत्रात ‘उत्तराची आवश्यकता नाही’ हे वाक्य असेल तर दिसत नाही. आणि पुष्टी हवी असते ती व्यवहारासाठी. कंपनीच्या बिलिंग विभागाला नोटीसची खबर नसते. तिथला संगणक १ एप्रिलला नवं बिल काढतो, मग स्मरणपत्रं जातात, मग थकबाकी दिसू लागते. नव्या कंपनीला लिफ्ट ताब्यात देताना मशीन रूमच्या चाव्या, लॉगबुक, वायरिंगचा आराखडा लागतो. काही कंट्रोलर पासवर्डने बंद केलेले असतात आणि तो पासवर्ड जुन्या कंपनीकडेच असतो. हे सगळं कोणत्या तारखेला, कोण देणार, हे कागदावर हवं. म्हणून पुष्टी आली की ती नीट वाचावी. ‘आपली विनंती नोंदवली आहे, तिकीट क्रमांक अमुक’ किंवा ‘संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ ही पुष्टी नव्हे. करार क्रमांक, संपण्याची तारीख, रक्कम आणि देणाऱ्याचं नाव-हुद्दा नसेल तर त्याच ईमेलला उत्तर देऊन नेमकं काय राहिलं ते विचारावं.

दुसरा आक्षेप कंपनीच्या बाजूचा आहे आणि त्यात तथ्य आहे. वर्षभराच्या हिशोबाने ती मेकॅनिकचा मार्ग आखते, सुटे भाग साठवते; सोसायटीने वाटेल तेव्हा उठून जावं हे तिला परवडणारं नाही. बरोबर, आणि नोटीसची मुदत याचसाठी असते. म्हणून त्या ९० दिवसांत सोसायटीने बिल थांबवू नये. पैसे रोखून दबाव आणायचा मोह होतो, पण तो करारभंग ठरतो आणि स्वच्छ नोटीस वादात ओढतो. मात्र ‘आधी सर्व थकबाकी भरा, मगच रद्द होईल’ असं कंपनी म्हणाली तर करारात तशी अट आहे का ते बघावं. नसेल तर थकबाकी हा वेगळा हिशोब. मान्य रक्कम भरावी, वादातली रक्कम कारणासह लिहून कळवावी. उरलेल्या मुदतीचे पूर्ण पैसे दंड म्हणून मागितले, तर करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगासाठी लिहून ठेवलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, प्रत्यक्षात वाजवी भरपाईच मिळते. आणि नोटीस देऊन बाहेर पडणं हा भंगच नव्हे.

काही करारांत मध्येच बाहेर पडण्याचा हक्क फक्त कंपनीला असतो. तिथे वरचं दुसरं वाक्य लागू पडत नाही, ६० दिवसांची तारीख चुकली तर खरंच अडचण होते. तरी वाट पूर्ण बंद नसते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या अन्याय्य कराराच्या व्याख्येत, वाजवी कारणाशिवाय एका पक्षाला एकतर्फी करार संपवू देणारी अट येते आणि नुकसानीच्या मानाने अवाजवी दंडही येतो. अशी तक्रार राज्य आयोगापुढे जाते. सहकारी संस्था त्या कायद्यात ‘व्यक्ती’च्या व्याख्येत आहे. पण वर्षाच्या ५६ हजारांसाठी हा रस्ता लांबचा आहे. सही करण्याआधीच ‘कोणताही पक्ष’ हे दोन शब्द घालून घेणं त्याहून कितीतरी सोपं.

नोटीस गेल्यावर सहसा सूट देण्याचा फोन येतो, भेटीचं बोलावणं येतं. भेटायला हरकत नाही, पण त्याच दिवशी ईमेल करावा की चर्चा झाली, नोटीस कायम आहे. आणि संपण्याच्या तारखेनंतर मेकॅनिक सवयीने आला, तर वॉचमनने सर्व्हिस स्लिपवर सही करू नये, हे त्याला आधीच सांगून ठेवावं. त्या सह्या पुढे करून कंपनी दाखवते की सेवा चालू होती आणि सोसायटीने ती घेतली. म्हणून ठरलेल्या दिवशी मशीन रूमच्या चाव्या सचिवांनी स्वतः ताब्यात घ्याव्यात, लॉगबुकवर शेवटच्या भेटीची तारीख टाकून दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि त्या पानाची प्रत पुष्टीच्या पत्राला जोडून फाइलमध्ये ठेवावी.